चाळीस कारखान्यांतला तिसरा

ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली तेव्हा गुरुवारचे साडेअकरा वाजले होते. तिच्या हातात शनिवारी दुपारी बारापर्यंतचा वेळ होता. हे तिनेच सांगितलं, बसायच्या आधी.

"मॅडम, धाटावच्या कंपनीत ट्रेनी म्हणून घेतायत मला. सोमवारी हजर व्हायचंय. शनिवारी बारापर्यंत पास झाल्याचा कागद दाखवला तर. नायतर यादीतल्या पुढच्या नावाला बोलावणार."

मी तेव्हा रोह्याच्या कॉलेजात मार्केटिंग शिकवायचे, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नमस्कार. राहायला पेणला, रामवाडीत. रोज सकाळी एसटीने नागोठण्यावरून रोहा, संध्याकाळी परत. नव्या वर्षाची माझी ऑर्डर अजून निघायची होती आणि ती निघेपर्यंत शहाण्या माणसाने ऑफिसात कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये, एवढं मला कळत होतं.

ती मुलगी रोह्याचीच. दुसऱ्या वर्षाला असताना लग्न होऊन पेणजवळ जोह्याला गेली, गणपतीच्या कारखान्याच्या घरात. तरी कॉलेज सोडलं नाही. तिसऱ्या वर्षाची परीक्षा चांगली दिली होती, पण दुसऱ्या वर्षाचा एक पेपर राहिला होता, आणि मागचा पेपर सुटल्याशिवाय पुढचा निकाल सुटत नाही. तो राहिलेला पेपर माझा होता. एटीकेटीच्या, म्हणजे राहिलेल्या पेपरच्या परीक्षेला सहाजण बसले होते, आदल्या दिवशी निकाल लावला, आणि तिला शंभरात छत्तीस मिळाले होते. चार कमी. ग्रेसच्या नियमात ती बसत नव्हती.

"मग मी काय करू?" मी म्हटलं. "पेपर तू लिहिलास."

"जोड्या लावा परत बघाल का, मॅडम? त्यातल्या दोन जोड्या बरोबर आहेत माझ्या."

आता हे मला झोंबलं. जोड्या लावा हा माझा लाडका प्रश्न होता. पुस्तकात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची आणि मोबाइल कंपन्यांची उदाहरणं असतात, ती आमच्या पोरांच्या डोक्यावरून जातात. मी म्हटलं, आपल्याकडचं उदाहरण देऊ. तीन वर्षांपूर्वी वर्गाची सहल हमरापूर-जोह्याला नेली होती, गणपतीचे कारखाने बघायला. तेव्हा तिथे एक नवीन गोष्ट शिरत होती. पूर्वी मूर्तिकार मातीचा नमुना हाताने घडवायचा आणि त्यावरून रबराचा साचा काढायचा. आता काहीजण कॉम्प्युटरवर नमुना काढून तो थ्रीडी प्रिंटरवर छापून आणत होते आणि त्यावरून साचा करत होते. मी चारपाच कारखानदारांशी बोलले, कुणी कधी घेतला ते एकाकडून दुसऱ्याचं विचारून वहीत टिपून घेतलं, आणि घरी येऊन त्याचा प्रश्न केला. डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांनी वाखाणला होता तो.

प्रश्न समजायला थोडं शिकवावं लागेल. कुठलीही नवी वस्तू बाजारात आली की सगळे ती एकदम घेत नाहीत. कोण आधी घेतो आणि कोण नंतर, यावरून माणसांचे पाच गट करतात. पहिले इनोव्हेटर, शंभरातले अडीच. यांना धोका पत्करायची हौस, नुकसान झालं तरी फिकीर नाही, आणि गाव बहुतेक वेळा यांना येडे म्हणतं. मग अर्ली अ‍ॅडॉप्टर, साडेतेरा. यांना गावात मान असतो, लोक यांचा सल्ला घेतात, हे विचार करून पण लवकर घेतात, आणि यांनी घेतलं की बाकीच्यांना धीर येतो. तिसरे अर्ली मेजॉरिटी, चौतीस. चौकशी करणार, चारजणांचा अनुभव विचारणार, पण निम्म्या लोकांच्या आधी घेणार. चौथे लेट मेजॉरिटी, तेही चौतीस. हे संशयी. सगळ्यांनी घेतलं, आता आपलं नसेल तर चालणार नाही, असं झालं की घेतात. उरलेले सोळा लॅगार्ड, पिछाडीचे. बापजाद्यांनी केलं तेच खरं, यावर गाडी अडलेली.

परीक्षेत या गटांची नावं एका बाजूला असतात आणि गिऱ्हाइकांची वर्णनं दुसऱ्या बाजूला. जोडी लावायची. पाच जोड्या, प्रत्येकी दोन गुण. आणि जोड्यांची एक गंमत असते: एक जोडी चुकली की सहसा दुसरीही चुकते, कारण एकाचं नाव दुसऱ्याला गेलेलं असतं. तिचं तसंच झालं होतं. 'ब' आणि 'क' या दोन कारखानदारांची तिने अदलाबदल केली होती. माझ्या उत्तरसूचीप्रमाणे 'ब' हा अर्ली मेजॉरिटी होता आणि 'क' हा अर्ली अ‍ॅडॉप्टर. तिने नेमकं उलटं लिहिलं होतं. चार गुण गेले.

मी म्हटलं, "'ब' कोण आहे ते तुला माहितीये, म्हणून तू असं लिहिलंस."

 'ब' हे तिचे सासरे होते. नाव मी कुठेच लिहिलं नव्हतं, पण जोह्यातल्या माणसाला ओळखू येण्याजोगं वर्णन होतं.

"परीक्षेत गावची माहिती चालत नाही," मी म्हटलं. आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरच्या अकाउंट्सच्या बाईंनी मान वर केली. "जे कागदावर आहे त्यावरून उत्तर द्यायचं. सासऱ्यांना वर चढवायचं असेल तर घरी चढव."

तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मला वाटलं आता रडणार. रडली असती तर बरं झालं असतं, मला उठून जाता आलं असतं. पण तिने पर्समधून प्रश्नपत्रिका काढली, घडी उलगडली आणि माझ्यापुढे ठेवली.

"कागदावरचंच बघा, मॅडम. सासऱ्यांचं नाय बोलत मी."

"उत्तरपत्रिका तपासून झालीये," मी म्हटलं. "निकाल लागलाय. पुढच्या परीक्षेला बस."

"पुढची परीक्षा कधी होणार? तवर जागा राहील काय?"

"तो माझा प्रश्न नाही."

हे वाक्य मी बोलले. आजही ते आठवलं की मला स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते. ती प्रश्नपत्रिका तिथेच टाकून निघून गेली. मी ती उचलून पिशवीत कोंबली, कारण अकाउंट्सच्या बाई बघत होत्या.

संध्याकाळी एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. नागोठणं येईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. हल्लीच्या पोरांना मेहनत नको, गुण हवेत. वाचायचं नाही आणि वर शिकवणाऱ्याला शिकवायचं. भांडणात जिंकायचं म्हणून कागद बाहेर काढला आणि माझाच प्रश्न मी पहिल्यापासून वाचला. वाचला म्हणजे परक्या माणसाने वाचावा तसा वाचला. तीन वर्षांत तसा कधी वाचलाच नव्हता.

वर लिहिलं होतं: एका गावात गणपतीचे चाळीस कारखाने आहेत.

'ब' बद्दल लिहिलं होतं: "या कारखानदाराला गावात मान आहे. रंग, दर, व्यापारी, सगळ्यांबाबत लोक त्याला विचारतात. नव्या साच्याविषयी विचारलं तर तो 'अजून बघतोय' म्हणतो. गावात दोघांकडे नवा साचा होता तेव्हा त्याने तो घेतला. पुढच्या हंगामात आळीतल्या इतरांनी घेतला."

'क' बद्दल लिहिलं होतं: "हा कारखानदार नव्या साच्याचं भरभरून कौतुक करतो. आधी घेतलेल्या पाचसहा जणांकडे चौकशी करून, नफ्यातोट्याचा हिशेब करून त्याने साचा घेतला. तेव्हा गावात अकरा कारखान्यांत तो आलेला होता."

चाळीस कारखाने. 'ब' तिसरा. 'क' बारावा. चाळिसांतले पहिले अडीच टक्के म्हणजे एकच माणूस. त्यापुढचे साडेतेरा टक्के म्हणजे पाचसहा. तिसरा माणूस त्यात अगदी सहज बसतो. लोक त्याला विचारतात, त्याच्यामागून आळी घेते. अर्ली अ‍ॅडॉप्टरची व्याख्या यापेक्षा सरळ कुणी लिहू शकत नाही. आणि बारावा, चौकशी करून, निम्म्या गावाच्या आधी घेणारा, तो अर्ली मेजॉरिटी. शेंबड्या पोराला कळावं.

मग उत्तरसूचीत मी उलटं का लिहिलं? कारण मी त्यांचं बोलणं धरलं. सहलीच्या दिवशी 'ब' म्हणजे तिचे सासरे मान हलवत 'बघतोय अजून' म्हणाले होते आणि 'क' हात उडवत बोलत होता. माझ्या डोक्यात शिक्का बसला: सावध बोलतो तो मेजॉरिटीतला, उत्साहाने बोलतो तो पुढचा. आकडे मी नंतर वहीतून घातले, प्रश्न भरल्यासारखा वाटावा म्हणून. आणि सूची डोक्यातल्या शिक्क्यावरून लिहिली. ही मोजणी वेळेची असते, बोलण्याची नाही, हे मी वर्गात फळ्यावर लिहिते. पहिल्याच ओळीत लिहिते.

 खोटं कशाला सांगू, पहिला विचार मुलीचा आला नाही. पहिला विचार आला तो माझ्या ऑर्डरचा. जाहीर झालेल्या निकालात चूक निघाली, तीही शिकवणाऱ्याची, तर जुलैमध्ये माझ्या जागी दुसरं कुणी दिसलं असतं. तासिकावाल्यांना काढावं लागत नाही, नुसतं परत बोलवायचं नसतं.

आणि दुसरा विचार त्याहून वाईट. मला वाटलं, जोह्याला जाऊन बघावं. कदाचित म्हातारा खरंच मागाहून घेणारा असेल. कदाचित मीच आकडा चुकीचा टिपला असेल. तसं निघालं तर प्रश्न चुकला असं म्हणता येईल, उत्तर नाही. कागदावर काय लिहिलंय हे डोळ्यांसमोर असताना मी पळवाट शोधायला निघाले होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा.

शुक्रवारी सकाळी आठला मी जोह्याच्या बसमध्ये होते. आषाढ चालू होता, म्हणजे तिकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. ओट्यावर, अंगणात, बांबूच्या मांडवाखाली, जिथे जागा तिथे पांढरे गणपती रंगाची वाट बघत ओळीने बसलेले. तिच्या सासरच्या कारखान्यात पाच बायका सोंडेवरचा रंग देत होत्या. त्यांत ती होती. मला बघून तिचा ब्रश थांबला, पण ती उठली नाही.

सासरे पुढे आले. साठीचे, बनियनवर, कानामागे पेन्सिल. मागे अंगणात एक व्यापारी आणि शेजारच्या कारखान्यांतले दोघेजण चहा पीत बसले होते.

"या बाई, कवा आलात? सूनबायचा काय निकाल?"

म्हणजे तिने घरी सांगितलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले आणि विषय बदलला. "तुमच्या साच्याचं विचारायला आले. तो थ्रीडीचा तुम्ही कधी घेतलात?"

ते चहा पीत बसलेल्यांकडे बघून हसले. "कसला थ्रीडी न् काय बाई! आमचा आपला जुनाच बरा. बघतोय अजून."

मला अगदी हायसं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं. तेवढ्यात व्यापारी आणि शेजारी उठले, पुढच्या कारखान्याकडे गेले. सासऱ्यांनी ते वळणापलीकडे जाईपर्यंत वाट बघितली. मग मला आतल्या खोलीत नेलं आणि कोपऱ्यातलं गोणपाट उचललं. खाली रबराचे साचे रचून ठेवलेले होते, एकावर एक. आणि त्यांच्याशेजारी छापलेला पिवळट नमुना, त्याच्यावर बारीक रेघा.

"पाचवा हंगाम चाललाय यांचा," ते म्हणाले. "गावात आधी दोघांनी आणला, मग मी आणला. आमच्यात हा रिवाज हाय बाई. माल गाडीत चढत नाय तोवर नव्या गोष्टीचं नाव काढायचं नाय. व्यापाऱ्याच्या कानावर गेलं की तो म्हणणार, तुम्हाला आता काम कमी, दर पाडा. पहिल्या साली शेजाऱ्यापासून पण लपवलं, नायतर तो घाई करून घेणार न् माल बिघडवणार, मग नाव गावाचं खराब. त्या साली गणपती झाले न् मीच बोलावलं सगळ्यांना. या, बघा, हात लावा म्हटलं."

"आणि सहलीच्या दिवशी?"

"त्या दिवशी पण व्यापारी बसलेला ना हितं. त्याच्यासमोर काय बोलणार?"

मी गोणपाटाकडे बघत उभी राहिले. माणूस कधी घेतो ते बघायचं, काय बोलतो ते नाही, हे ज्या गावात पोराटोरांना ठाऊक होतं तिथे येऊन मी बोलणं टिपून नेलं होतं आणि त्याची परीक्षा घेतली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की पाणी दिलेलं तेही प्यायला विसरले.

बाहेर आले तेव्हा ती ब्रश धुवत होती. मी जवळ जाऊन हळू म्हटलं, "कॉलेजला चाललेय. उद्या सकाळी दहाला ये."

"सासूबाय विचारतील कशाला जातेस."

"काय सांगशील?"

"निकाल लागला सांगीन." तिने माझ्याकडे बघितलं. "कुठला ते तुम्ही सांगा."

 पेणला येऊन रोह्याची गाडी पकडली. गाडी नागोठण्याला अर्धा तास अडकून पडली, पुढे ट्रेलर बंद पडला होता. मी कंडक्टरवर उगाचच ओरडले. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, ट्रेलर मी नाय उभा केला."

परीक्षा विभागाचे सर वयाने आणि नोकरीने मोठे, खाडीकाठच्या मुसलमान शेतकरी घरातले. दोघे भाऊ आखातात, हे मात्र इथेच राहिले, नियमांच्या फायलींत. त्यांनी प्रश्न वाचला. सूची वाचली. पेन्सिलीने कागदाच्या कडेला चाळीस लिहिलं, त्याखाली एक, सहा, वीस. इनोव्हेटर एकापर्यंत, अर्ली अ‍ॅडॉप्टर सहापर्यंत, अर्ली मेजॉरिटी विसापर्यंत. मग तीन आणि बाराला गोल केला.

"साफ दिसतंय," ते म्हणाले. "पोरगी बरोबर आहे. पण मॅडम, निकाल जाहीर झालाय. बदलायचा तर समितीपुढे लेखी जायला हवं. चूक कुणाची, काय, कशी. खाली सही. तो कागद प्राचार्यांच्या टेबलावर जाणार." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आणि तुमची ऑर्डर त्याच टेबलावर आहे."

"माहितीये."

"तोंडी सांगितलंत असं मी समजू शकतो. पोरगी पुढच्या परीक्षेला बसेल, तेव्हा आपण बघू नीट."

ते वाईट माणूस नव्हते. मला वाट मोकळी करून देत होते. आणि माझ्या मनाने ती वाट घेतली होती, पाच-सात सेकंद. मी टेबलावरच्या घड्याळाकडे बघितलं. शुक्रवारचे सव्वादोन.

"बाकीच्या पाचांचं काय होईल?" मी विचारलं. "त्यांतल्या चारजणांनी माझ्या सूचीप्रमाणे लिहिलंय. एक मुलगा एक्केचाळीसवर पास झालाय. चार गेले तर सदतीस."

"त्यांनी तुम्ही शिकवलं तसं लिहिलं का?"

"हो. वर्गात हेच उदाहरण दिलं होतं मी."

"मग त्यांचे गुण काढणार कसे? तुमच्या चुकीची शिक्षा त्यांना नाही. पोरीचे वाढवायचे, बाकीच्यांचे तसेच ठेवायचे. समिती हे मान्य करेल, मी बोलतो. पण लिहायचं तुम्ही."

मी लिहिलं. एका पानात मावलं. 'उत्तरसूचीत ब आणि क यांची उत्तरं माझ्याकडून उलटी लिहिली गेली' असं लिहिलं, मग 'लिहिली गेली' खोडून 'मी लिहिली' केलं. सरांनी वाचलं आणि शिक्का मारला. समितीचे दोघे संध्याकाळी पाचला भेटले. एकाने विचारलं, "मॅडम, हे आता तीन वर्षांनी तुमच्या लक्षात आलं?" मी 'हो' म्हटलं. दुसरे चहा पीत राहिले. प्राचार्य घरी गेले होते. सही सकाळी.

शनिवारी दहाला ती आली. पायऱ्यांवर उभी राहिली, आत यायला तयार नव्हती. प्राचार्य साडेदहाला आले. त्यांनी माझं पान वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, "ठीक आहे," म्हणाले आणि सही केली. त्या 'ठीक आहे'चा माझ्या ऑर्डरसाठी काय अर्थ, ते पुढचं पुढे. ऑफिसच्या क्लार्कचा प्रिंटर कागद ओढेना. अकरा वाजून दहा मिनिटांनी गुणपत्रकाऐवजी कॉलेजच्या लेटरहेडवर पास झाल्याचा दाखला निघाला. मार्केटिंग, चाळीस. वर तिसऱ्या वर्षाचा निकाल, तोही सुटला.

मी धावतच बाहेर आले आणि तिच्या हातात कागद दिला. सांगायला काय जातंय, मला वाटलं होतं ती माझ्या गळ्यात पडेल. निदान पाया पडेल, आमच्याकडे पोरी पडतात. मी पाय मागे घ्यायच्या तयारीत होते सुद्धा.

तिने कागद दोनदा वाचला. आकडा बोटाने तपासला.

"मागच्या वेळी सदतीस होते मला," ती म्हणाली.

"कधी?"

"पहिल्यांदा बसले तेव्हा. दुसऱ्या वर्षाला. तेव्हा पण हाच प्रश्न होता ना, मॅडम. तेव्हा पण मी असंच लिहिलं होतं."

मला आठवावं लागलं नाही. प्रश्न मी तीन वर्षं बदललाच नव्हता. लाडका होता ना.

"मग तेव्हा का नाही आलीस?"

"तेव्हा वाटलं, माझंच चुकलं. तुम्ही शिकवलेलं हाय म्हणजे बरोबरच असणार. यंदा तिसऱ्या वर्षाला पुस्तक स्वतः वाचलं, तेव्हा कळलं." तिने कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली, चेन लावली. "जानेवारीत ती मोठी कंपनी आली होती कॉलेजात, कायमच्या जागांसाठी. एटीकेटीवाल्यांना बसू दिलं नाय."

ते मला आठवत होतं. सभागृहाच्या दारात यादी घेऊन मीच उभी होते. एटीकेटी असलेल्यांची नावं मीच वाचली होती, आणि कुणी रेंगाळू नये म्हणून जरा जोरात वाचली होती. त्यांत हिचं नाव होतं. ती खुर्चीवरून उठून माझ्यासमोरून बाहेर गेली होती.

 ती म्हणाली, "येते मॅडम. पावणेबाराची गाडी चुकेल." आणि ती धाटावच्या गाडीकडे पळाली.

मी परत आत गेले. परीक्षा विभागाच्या सरांना म्हटलं, मागच्या तीन वर्षांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे काढा. ते म्हणाले, "कुठल्या वर्षापासून?" मी म्हटलं, "हा प्रश्न पहिल्यांदा घातला त्या." त्यांनी किल्ल्या काढल्या आणि आम्ही दोघं स्टोअरच्या खोलीकडे निघालो.